डेस्क वर्गात, खर्च कुठेच नाही: ३१ मार्चला अडकलेल्या एका बिलाचा अभ्यास

ग्वाल्हेरमधले एक सरकारी महाविद्यालय. वर्गांसाठी दोन विद्यार्थी बसतील असे १५० लोखंडी डेस्क हवे होते. लष्कर भागातल्या एका मराठी दुकानदाराला ऑर्डर मिळाली. दर नगाला ४,००० रुपये, म्हणजे ६,००,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटीचे १,०८,००० आणि एकूण बिल ७,०८,००० रुपयांचे. प्रकरण नमुन्याचे आहे, आकडे हिशेबाला सोपे जावेत असे घेतले आहेत. बाकी सगळे, म्हणजे तारखा, सुट्ट्या, नियम आणि कागदांचा प्रवास, जसे असते तसेच ठेवले आहे.

वर्ष २०२३-२४. माल १८ मार्च २०२४ ला, सोमवारी, पोचला आणि त्याच तारखेचे बिल आले. मोजणी, तपासणी होऊन २२ मार्चला स्टॉक रजिस्टरमध्ये १५० नग चढले. मध्ये होळी गेली. २६ मार्चला लेखापालांनी देयक, म्हणजे या बिलाचे पैसे सरकारी खात्यातून मागणारा कागद, तयार करून कोषालयात ऑनलाइन पाठवले. (महाराष्ट्रात ज्याला कोषागार म्हणतात ते मध्य प्रदेशात कोषालय, आणि ग्वाल्हेरचे मराठी कारकून घरी बोलतानाही कोषालयच म्हणतात.) २८ मार्चला, गुरुवारी, देयक आक्षेपासह परत आले. खरेदीच्या मंजुरी आदेशात ‘कार्यालय खर्च’ ही बाब लिहिली होती आणि देयक ‘फर्निचर’ या बाबीवर काढले होते. आदेश आदल्या वर्षीच्या आदेशावरून उतरवलेला. रक्कम बदलली, तारीख बदलली, बाब तशीच राहिली.

चूक एका शब्दाची होती, पण दुरुस्त आदेशावर सक्षम अधिकाऱ्याची सही लागते. २९ मार्चला गुड फ्रायडे, ३० ला शनिवार, ३१ ला रविवार. त्या रविवारी रिझर्व्ह बँकेने सरकारी व्यवहारांसाठी बँका उघड्या ठेवायला लावल्या होत्या, त्यामुळे पैसे द्यायला खिडकी उघडी होती. सही मात्र मिळाली नाही. वर्ष संपले आणि बिल तसेच राहिले.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दुकानदार महाविद्यालयात आले. “अहो भाऊसाहेब, माल घेतलात, पावती दिलीत, मुलं त्यावर बसून परीक्षा देताहेत. निदान तुमच्या वहीत माझे सात लाख देणं आहे असं तरी लिहून दाखवा. मी बँकेला दाखवीन.”

“काका, लिहिलं असतं,” लेखापाल म्हणाले, “पण आमच्या वहीत ‘देणं’ नावाचं पानच नाही.”

हे टाळाटाळीचे उत्तर नव्हते. सरकारी हिशेब आणि व्यापारी हिशेब यांतला मूळ फरक त्यांनी एका वाक्यात सांगितला होता.

एकच माल, तीन वह्या

आधी दुकानदाराची वही पाहू. त्यांनी हे डेस्क कारखान्यातून ३,३०० रुपये नगाने घेतले होते. खरेदी ४,९५,०००, त्यावरचा जीएसटी ८९,१००, वाहतूक १५,०००. मर्कंटाइल म्हणजे उपार्जित पद्धतीत विक्री झाली ती माल आणि बिल दिले तेव्हा, पैसे आले तेव्हा नव्हे. म्हणून १८ मार्चला महाविद्यालयाच्या खात्यावर ७,०८,००० नावे पडले, विक्री ६,००,००० जमा झाली आणि जीएसटी देणे १,०८,००० उभे राहिले. ३१ मार्चला या व्यवहारातला नफा ६,००,००० वजा ४,९५,००० वजा १५,०००, म्हणजे ९०,००० रुपये. हा नफा २०२३-२४ चा आणि त्यावरचा आयकरही त्याच वर्षाचा.

पण गल्ल्यात एक रुपया आलेला नाही. उलट गेलेले पाहा: कारखान्याला ५,८४,१००, टेम्पोला १५,०००, आणि २० एप्रिलच्या आत मार्चच्या जीएसटी विवरणाबरोबर १८,९०० (१,०८,००० मधून खरेदीवरचे ८९,१०० वजा करून). एकूण ६,१८,००० रुपये. मालावरचा जीएसटी बिलाच्या तारखेने द्यावा लागतो. गिऱ्हाईक सरकार आहे म्हणून त्यात सवलत नाही. व्यापारी हिशेबाचे हे जुने कोडे आहे की वहीत नफा दिसतो आणि खिसा रिकामा असतो. निदान वही हे लपवत तरी नाही. येणे ७,०८,००० ताळेबंदात ठळक दिसते, आणि तेच दाखवून बँकेकडून कॅश क्रेडिट मिळते.

आता दुसरी वही. समजा हेच डेस्क त्याच दिवशी त्याच शहरातल्या खाजगी कोचिंग क्लासच्या कंपनीने उधारीवर घेतले असते. क्लासच्या फीवर जीएसटी लागतो, म्हणून १,०८,००० चे क्रेडिट मिळते आणि फर्निचर ६,००,००० ला मालमत्तेत जाते. पैसे दिले नसले तरी दुकानदाराचे ७,०८,००० देणे म्हणून उभे राहते. खर्च म्हणून यातले काय जाईल? आयकराच्या दराने घसारा काढला तर फर्निचरला १० टक्के, आणि वापर १८० दिवसांपेक्षा कमी म्हणून पहिल्या वर्षी त्याच्या निम्मा. म्हणजे ३०,०००. पुढच्या वर्षी उरलेल्या ५,७०,००० वर ५७,०००. या वर्षीच्या मुलांच्या फीतून या वर्षी झिजलेल्या डेस्कचाच भाग वजा व्हावा आणि उरलेल्याला नफा म्हणावे, हा त्यामागचा विचार. नफा मोजायचा असल्याशिवाय या सगळ्या खटाटोपाला अर्थ नाही.

तिसरी वही महाविद्यालयाची, म्हणजे खरे तर राज्य सरकारची. २०२३-२४ मध्ये या डेस्कांवर झालेला खर्च शून्य. देणे शून्य. मालमत्ता शून्य. सरकारी लेखा नियम १९९० चे म्हणणे असे की हिशेबात त्या वर्षात प्रत्यक्ष आलेले आणि प्रत्यक्ष गेलेले पैसे यावेत. येणे किंवा देणे झालेल्या रकमा नव्हेत. हीच रोख पद्धत. मंजूर केलेले पुस्तकी समायोजन एवढाच त्याला अपवाद. डेस्क वर्गात होते, त्यावर मुले बसली होती, आणि राज्याच्या त्या वर्षाच्या हिशेबात त्यांचा मागमूस नव्हता.

२०२४-२५ मध्ये पैसे दिले तेव्हा पूर्ण ७,०८,००० एकाच वर्षाचा खर्च झाला. सरकारी महाविद्यालयाला जीएसटीचे क्रेडिट नाही, म्हणून कर धरूनच खर्च. डेस्क पुढे दहा वर्षे टिकले तरी त्या दहा वर्षांवर तो वाटला जात नाही. घसारा नाही, कारण ज्यातून घसारा वजा करायचा तो नफाच काढायचा नाही.

लेखाशीर्ष: सरकारी हिशेबाचा खरा कणा

मग ही वही कसला हिशेब देते? दुकानदाराची वही विचारते, उरले किती. सरकारी वही विचारते, विधानसभेने दिलेले पैसे ज्या कामाला, ज्या वर्षासाठी, जेवढे दिले, त्याच कामाला, त्याच वर्षात, तेवढ्याच मर्यादेत गेले का? राज्यघटनेच्या कलम २०४ प्रमाणे विनियोजन कायद्याशिवाय राज्याच्या संचित निधीतून पैसा निघत नाही. म्हणून सरकारी खतावणीत माणसांची खाती महत्त्वाची नाहीत. पैसा कशासाठी गेला, ते महत्त्वाचे. दुकानदार “माझे खाते दाखवा” म्हणाले आणि ते निघाले नाही, त्याचे कारण हेच.

आपल्या डेस्कांचे शीर्ष पाहा: २२०२-०३-१०३. २२०२ हे प्रमुख शीर्ष, सामान्य शिक्षण. ०३ हे उपप्रमुख शीर्ष, विद्यापीठ व उच्च शिक्षण. १०३ हे लघुशीर्ष, सरकारी महाविद्यालये व संस्था. त्याखाली योजना, तिचा तपशील आणि सर्वांत शेवटी बाब येते: वेतन, प्रवास, कार्यालय खर्च, फर्निचर वगैरे. एकूण सहा पायऱ्या. पहिल्या तीन आणि त्यांचे क्रमांक देशभर सारखे, म्हणून ग्वाल्हेरचा माणूस मुंबईचे अंदाजपत्रकही वाचू शकतो. प्रमुख शीर्षाचा पहिला आकडा काय सांगतो तेही सरावाने डोळ्यांत बसते. शिक्षणातून आलेले उत्पन्न ०२०२, महसुली खर्च २२०२, भांडवली खर्च ४२०२, कर्जे ६२०२. दोन-दोन मिळवत जा, विषय तोच राहतो आणि पैशाची जात बदलते.

यातून एक गोष्ट निघते, जी व्यापारी वहीतून आलेल्या माणसाला विचित्र वाटते. महाविद्यालयाने जमा केलेली शासकीय फी ०२०२ मध्ये जाते आणि राज्याच्या संचित निधीत मिसळते. त्या फीतून डेस्कचे बिल देता येत नाही. उत्पन्न आणि खर्च यांची या वहीत गाठच पडत नाही, म्हणून महाविद्यालय नफ्यात की तोट्यात, हा प्रश्न तिथे विचारताच येत नाही.

या प्रकरणात आक्षेप शेवटच्या पायरीवर, बाबीवर आला. फर्निचरखाली ७,५०,००० चे आवंटन होते आणि पैसे मुबलक होते. पण आदेश एका बाबीचा आणि देयक दुसऱ्या बाबीचे असेल तर कोषालयाने ते अडवायलाच हवे. ‘शेवटी पैसा महाविद्यालयाचाच ना’ हा युक्तिवाद दुकानात चालेल. इथे पैसा महाविद्यालयाचा कधीच नसतो. त्याला एका बाबीखाली, एका वर्षापुरती खर्चाची परवानगी मिळालेली असते, आणि ३१ मार्चच्या रात्री ती संपते.

व्यपगत म्हणजे काय, आणि तेव्हा काय करू नये

त्या रात्री ७,५०,००० व्यपगत झाले, रोजच्या बोलीत लॅप्स. राज्याच्या विनियोजन लेख्यात ही रक्कम अनुदानातली बचत म्हणून दिसणार. ती बचत नाही, हे उघड आहे. माल आलेला आहे आणि पैसे द्यायचे आहेत. पण रोख पद्धतीला काटकसर आणि थकबाकी यांतला फरक कळत नाही, दोन्ही एकाच रकान्यात बसतात. एका महाविद्यालयाचे सात लाख कुणाच्या नजरेत भरत नाहीत. हेच अनेक विभागांत मोठ्या रकमांनी झाले, मार्चची बिले एप्रिलवर गेली, की राज्याची त्या वर्षाची तूट खऱ्यापेक्षा कमी दिसते. रोख पद्धतीवरचा सगळ्यांत गंभीर आक्षेप हाच आहे, आणि तो रास्त आहे.

मार्चअखेर असे बिल अडकले की कार्यालयात हमखास एक सल्ला मिळतो: “साहेब, पैसे काढून ठेवू या, नंतर देऊ.” म्हणजे देयक काढून रक्कम बँक खात्यात किंवा डिमांड ड्राफ्टच्या रूपात ठेवायची आणि खर्च झाला असे दाखवायचे. कोषालय संहितेप्रमाणे पैसा लगेच द्यायचा असेल तरच काढता येतो. लॅप्स टाळण्यासाठी काढणे ही अनियमितता आहे. ती पकडणेही अवघड नाही. लेखापरीक्षक रोकडवहीची ३१ मार्चची शिल्लक पाहतो, ३० मार्चचा ड्राफ्ट मे महिन्यात का वटला ते विचारतो, आणि माल मिळाल्याच्या दाखल्याची तारीख वाहतूकदाराच्या बिल्टीशी आणि फाटकावरच्या नोंदीशी ताडून बघतो. दाखला ३१ मार्चचा आणि बिल्टी ९ एप्रिलची असेल तर पुढे काही विचारावे लागत नाही.

आपल्या प्रकरणात माल खरोखर आलेला होता, म्हणून मोह अधिक. दुसरा मोह जनभागीदारी समितीच्या खात्याचा. मध्य प्रदेशातल्या सरकारी महाविद्यालयांत या समितीचे पैसे वेगळ्या बँक खात्यात असतात आणि ३१ मार्चला लॅप्स होत नाहीत. त्यातून दुकानदाराला देऊन टाकू आणि आवंटन आले की भरून घेऊ, असे सुचवले गेले. लेखापालांनी नकार दिला आणि ते योग्यच होते. नंतर सरकारी पैसा समितीच्या खात्यात वळवायला कोणते देयक जोडणार? दुकानदाराचे मूळ बिल तर आधीच चुकते झालेले असते. एका अडचणीतून सुटायला दोन वह्यांची सरमिसळ करायची, आणि ती उलगडायला पुढच्या लेखापालाची दोन वर्षे घालवायची, यात शहाणपण नाही.

करण्यासारखे होते ते वेगळे. २८ मार्चला आक्षेप आला त्याच दिवशी बजेट नियंत्रक अधिकाऱ्याला कळवायचे होते की फर्निचरखालचे ७,५०,००० आता खर्च होणार नाहीत. तेवढी रक्कम समर्पित, म्हणजे वर्ष संपण्याआधी परत, झाली असती तर निदान वित्त विभागाला ती दुसरीकडे वापरायची संधी राहिली असती. न कळवता लॅप्स झालेले पैसे कुणाच्याच कामी येत नाहीत, आणि न समर्पिलेली बचत म्हणून लेखापरीक्षेतही तीच बोचते.

एप्रिल ते ऑगस्ट

एप्रिल उजाडला तरी पैसे लगेच मिळण्यासारखे नव्हते. २०२४ मध्ये लोकसभेच्या निवडणुकीमुळे मध्य प्रदेशात फेब्रुवारीत फक्त लेखानुदान मंजूर झाले, एप्रिल ते जुलै या चार महिन्यांपुरते. पूर्ण अंदाजपत्रक जुलैत आले. लेखानुदानातून पगार, वीज, चालू गरजा भागतात. आपल्या नमुन्यात फर्निचरचे आवंटन ऑगस्टमध्ये आले, ८,००,००० रुपये, आणि २२ ऑगस्टला देयक पारित झाले.

दुकानदाराच्या हाती ७,०८,००० आले नाहीत. करार करपूर्व अडीच लाखांच्या वर असल्यामुळे सरकारी विभाग ६,००,००० वर २ टक्के जीएसटी टीडीएस कापतो, १२,००० रुपये. बँकेत ६,९६,००० जमा झाले. कापलेले १२,००० दुकानदाराच्या जीएसटीच्या इलेक्ट्रॉनिक रोख खात्यात येतात आणि पुढच्या कराला वापरता येतात. ते बुडत नाहीत, पण पोर्टलवर जाऊन स्वीकारावे लागतात आणि पुष्कळ लहान दुकानदार तेच विसरतात. सरकारी वहीत मात्र खर्च पूर्ण ७,०८,००० चाच पडला. कपात हा पैसा कुणाकडे गेला याचा तपशील, खर्च कमी होण्याचे कारण नव्हे.

गुंतलेल्या ६,१८,००० वर १२ टक्क्यांनी पाच महिन्यांचे व्याज धरले तर ३०,९०० होतात. वहीतला ९०,००० चा नफा ५९,१०० वर आला. मार्चअखेर सरकारी ऑर्डर घेताना जुने दुकानदार दर थोडा चढा का लावतात, त्याचे उत्तर या आकड्यात आहे. म्हणजे रोख पद्धतीची किंमत सरकारही मोजते, फक्त तिची नोंद कुठल्या शीर्षाखाली होत नाही.

महाविद्यालयाचे नुकसान आणखी वेगळ्या जागी झाले. ८,००,००० चे नवे आवंटन नव्या वर्षाच्या गरजांसाठी होते. जुन्या बिलाने त्यातले ७,०८,००० खाल्ले आणि उरले ९२,०००. नव्या वर्षात प्रयोगशाळेसाठी घ्यायची टेबले राहिली. वरच्या कार्यालयात २०२४-२५ चा खर्च तक्ता पाहणाऱ्याला वाटणार की या महाविद्यालयाने यंदा फर्निचरवर भरपूर खर्च केला. यंदा तिथे नवे एक स्टूलही आलेले नाही.

डेस्क पुढे कुठे राहतात

पैसे दिल्यानंतर हिशेबाच्या वहीतून हे डेस्क कायमचे गेले. त्यांची उरलेली ओळख म्हणजे स्टॉक रजिस्टरमधली २२ मार्चची ओळ: नग १५०. दरवर्षी प्रत्यक्ष मोजणी करून नग जुळवायचे, मोडले तर सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाने अपलेखन करून कमी करायचे. क्लासच्या ताळेबंदात दरवर्षी किंमत उतरत जाते, पण पन्नास नग चोरीला गेले तरी घसारा ठरल्याप्रमाणे चालूच राहू शकतो. सरकारी रजिस्टरला किमतीची फिकीर नाही, पण १४९ नग भरले तर जाब द्यावा लागतो. दोन्ही पद्धतींना आपापले आंधळे कोपरे आहेत, आणि या एका बाबतीत सरकारी रजिस्टर, रोज नीट भरले तर, अधिक कडक आहे.

रोख पद्धतीतली ‘देणे’ या पानाची उणीव कार्यालयाच्या पातळीवर भरून काढता येते. या लेखापालांनी नंतर देयता पंजी, म्हणजे देण्यांची नोंदवही, सुरू केली. मंजुरी आदेश निघाला की त्याच दिवशी एक ओळ: आदेश क्रमांक, शीर्ष आणि बाब, रक्कम, माल येण्याची अपेक्षित तारीख, बिलाची तारीख, देयकाची तारीख, शेवटी पारित झाल्याची तारीख. शीर्ष आणि बाब हे रकाने आदेशावर सही होण्याआधी आवंटनाच्या पत्राशी ताडून भरायचे. १ मार्चला ज्या ओळींचा शेवटचा रकाना रिकामा असेल त्यांची यादी बजेट नियंत्रकाकडे जाते, म्हणजे पुढच्या वर्षाचे आवंटन मागताना जुनी देणी वेगळी मागता येतात. ही पंजी राज्याच्या हिशेबाचा भाग नाही आणि तिच्यावरून एक रुपयाही निघत नाही. पण २०२५ च्या मार्चमध्ये दुकानदार काका पुन्हा माल घेऊन आले, तेव्हा लेखापालांनी आधी ती पंजी काढली, ओळीवर बोट ठेवले आणि बाबीचा रकाना त्यांना वाचून दाखवला.